इतिवृत्त कायम होण्याआधी

कोल्हापूरच्या बाजूची एखादी मध्यम आकाराची सहकारी बँक डोळ्यांसमोर आणावी. प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे, पण कुठल्याही कार्यालयात सहज घडेल असा आहे. वसुली विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्याला काही दिवसांपासून एक गोष्ट खटकत होती. दुभत्या जनावरांसाठी दिलेल्या कर्जांपैकी बरीच खाती दर महिन्याला थकीत यादीत यायची आणि आठवडाभरात आपोआप बाहेर पडायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हप्ता थकल्यापासून तीस दिवसांपर्यंत खातं ‘एसएमए-शून्य’ या वर्गात धरतात, एकतिसाव्या दिवसापासून ‘एसएमए-एक’मध्ये, एकसष्टाव्यापासून ‘एसएमए-दोन’मध्ये. नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक ठरतं. ही खाती पहिल्या पायरीवर चढायची आणि लगेच उतरायची. माणसं बुडवी नव्हती, तरी त्यांना दर महिन्याला वसुलीचे फोन जात होते.

तिने सात शाखांची थकीत खाती एका तक्त्यात घेतली, प्रत्येकापुढे हप्त्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख मांडली, आणि कारण सापडलं. हप्ता पाच तारखेचा होता. दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल खात्यावर पडत होतं सात-आठ तारखेला. हप्ता बारा तारखेवर नेला तर यादीतली निम्मी गर्दी हटेल, असं तिने तक्त्याखाली लिहिलं आणि कर्ज विभागातल्या एका अनुभवी सहकाऱ्याला मत विचारायला मेल केला. तीन आठवड्यांनी मासिक आढावा बैठकीत तोच तक्ता पडद्यावर आला. ‘मी ही खाती तपासली तेव्हा लक्षात आलं’ अशी त्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली. महाव्यवस्थापकांनी कौतुक केलं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

त्या रात्री तिने लिहिलेला मेल साधारण असा असेल:

‘सर, आजच्या बैठकीत तुम्ही माझं काम सरळ स्वतःच्या नावावर खपवलंत. इतके दिवस रात्री उशिरापर्यंत बसून मी जे केलं, त्याचं श्रेय घेताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? हे पहिल्यांदाच घडलेलं नाही. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’

प्रत महाव्यवस्थापकांना.

यातला राग रास्त आहे. अडचण वेगळीच आहे. हा मेल वाचून समोरच्या माणसाने नेमकं काय करायचं, हे त्यात कुठेच नाही. चार वाक्यं आहेत आणि चारही वादात ओढता येतात. ‘खपवलंत’ म्हटलं की चर्चा हेतूवर जाते, आणि हेतू कुणालाच सिद्ध करता येत नाही. ‘पहिल्यांदाच नाही’ म्हटलं की आधीचे प्रसंग सांगावे लागतात, आणि त्यातला एखादा कच्चा निघाला तर आजचा पक्का मुद्दाही त्याच्याबरोबर वाहून जातो. वरिष्ठांना प्रत गेली आहे, म्हणजे सहकाऱ्याला उत्तर तिला द्यायचं नसून वरिष्ठांसमोर बचाव करायचा आहे. बचाव करणारा माणूस चूक कबूल करत नाही.

मग मागायचं काय? अशा मेलचा सगळा भार याच एका प्रश्नावर असतो. माफी मागितली तर ती मिळाली तरी दोघांतच राहते. बैठकीतल्या बाकी लोकांचा समज तसाच राहतो. कबुली मागितली तर बहुधा मिळतच नाही. चूक जिथे नोंदली गेली तिथेच ती दुरुस्त व्हावी, एवढं मागणं मात्र मोजकं आहे आणि समोरच्याला पूर्ण करता येण्यासारखंही आहे. बैठकीतल्या चुकीची नोंद इतिवृत्तात होते, ज्याला सगळे ‘मिनिट्स’ म्हणतात. बैठक झाल्यावर एक-दोन दिवसांत त्याचा मसुदा फिरतो, हरकती-सूचना येतात आणि मग ते कायम होतं. तेवढीच ती खिडकी. त्यामुळे मेल बैठकीच्या रात्री पाठवायचा नसतो, आणि आठवडाभर मनात घोळवतही ठेवायचा नसतो.

मसुद्याआधी एक काम असतं, आणि रागात नेमकं तेच वगळलं जातं. बैठकीत शब्द कोणते वापरले गेले, ते आठवून लिहून काढणं. ‘मी तपासली’ आणि ‘आम्ही तपासली’ यात मोठा फरक आहे. अनेक कार्यालयांत विभागाचं काम ज्येष्ठाने मांडायचं अशी रीतच असते. तिथे सादरीकरणात कनिष्ठाचं नाव न येणं ही चोरी नव्हे, फार तर हलगर्जी. ‘हे कुणी काढलं?’ असा सरळ प्रश्न आला आणि त्यावर माणूस ‘मी’ म्हणाला, किंवा गप्प राहून कौतुक स्वीकारलं, तर गोष्ट वेगळी. आपल्या बँकेच्या प्रसंगात शब्द ‘मी’ होता. शेजारी बसलेल्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला ‘तुला काय ऐकू आलं?’ एवढंच विचारून घेतलं, तर आपल्याच कानांवर विसंबून राहावं लागत नाही.

मग पुरावा. फाइलच्या पोटात नाव असतं, अशी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. एक्सेलमध्ये File मधल्या Info वर गेलं की Author आणि Last Modified By अशी नावं दिसतात. पण ‘ऑथर’ म्हणजे मूळ फाइल ज्याच्या खात्यातून तयार झाली तो. जुन्या कुणाचा तरी साचा घेऊन त्यात नवे आकडे भरले असतील, तर तिथे त्या जुन्या माणसाचंच नाव दिसेल. गूगल शीट्समध्ये Version history उघडल्यावर कुणी केव्हा काय बदललं ते तारीखवार दिसतं, मात्र ते पाहायला संपादनाचा अधिकार हवा. आणि कुणी त्या फाइलची प्रत काढली, तर प्रतीचा इतिहास प्रत काढल्या क्षणापासून नव्याने सुरू होतो. म्हणून सर्वांत भक्कम पुरावा सर्वांत साधा आहे: त्या दिवशी त्या माणसाला गेलेला मेल. त्यात तारीख आहे, पाठवणारा आहे, मिळालेला आहे, आणि तोच मेल समोरच्याच्या पेटीतही पडून आहे.

यातून एक युक्ती हाती येते. नवा कोरा मेल लिहिण्याऐवजी त्याच जुन्या मेलवरून उत्तर लिहायचं. विषयाची ओळ बदलली तरी जुना मजकूर खाली तसाच राहतो. मग ‘पुरावा जोडला आहे’ असं म्हणावंच लागत नाही. वाचणारा बोटाने पडदा वर सरकवतो आणि त्याला तीन आठवड्यांपूर्वीची तारीख दिसते. आरोपाचा शब्द न वापरता सगळं सांगून होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, तिने लिहायचा मेल असा:

विषय: आढावा बैठकीतील थकबाकीचा तक्ता – इतिवृत्तातील नोंद

‘नमस्कार सर,

कालच्या बैठकीत हप्त्याची तारीख पुढे नेण्याचा मुद्दा साहेबांनी लगेच उचलून धरला, हे बघून बरं वाटलं. दूधबिलाच्या तारखेचं उदाहरण देऊन तुम्ही तो मांडलात, त्याचा उपयोग झाला.

हा सात शाखांचा तक्ता आणि त्याखालचा निष्कर्ष मी तुम्हाला मत विचारण्यासाठी पाठवला होता. तो मेल खाली आहे. बैठकीत माझं नाव आलं नाही, त्यामुळे काम तुमच्याकडे झालं असा समज झालेला दिसतो. बैठकीनंतर दोघांनी मला तसं बोलूनही दाखवलं. बोलण्याच्या ओघात राहून गेलं असण्याची शक्यता आहे.

इतिवृत्ताचा मसुदा आज आला आहे आणि गुरुवारी तो कायम होणार आहे. त्याआधी ‘विश्लेषण’ यापुढे माझं आणि ‘सादरीकरण’ यापुढे तुमचं नाव घालण्याची दुरुस्ती तुम्ही कळवाल का? पुढच्या महिन्यात बदललेल्या तारखेनंतरचे आकडे मांडायचे आहेत, ते मी मांडेन असं ठरवू या.

यावर आधी बोलायचं असेल तर उद्या अकरा वाजता मी तुमच्या टेबलाशी येते.’

महाराष्ट्रातल्या अनेक कार्यालयांत हा मेल इंग्रजीत जाईल. त्याने काही बिघडत नाही. वाक्यांचा क्रम आणि प्रत्येक वाक्याचं काम तेच राहतं, आणि ते एकेक करून पाहण्यासारखं आहे.

सुरुवातीचं कौतुक खरं आहे. मुद्दा मान्य झाला आणि तो नीट मांडला गेला, या दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. सादरीकरण वाईट झालं असतं तर ही दोन वाक्यं गाळायला हवी होती. खोटं कौतुक वाचणाऱ्याला ताबडतोब कळतं, आणि त्यानंतरच्या खऱ्या वाक्यांवरही तो विश्वास ठेवत नाही. इथे त्या कौतुकाचं आणखी एक काम आहे. ‘मांडलात’ या क्रियापदात सहकाऱ्याचा खरा वाटा, म्हणजे सादरीकरण, आधीच नोंदवून झाला. पुढे मागायची दुरुस्ती त्याच वाटणीवर उभी आहे: विश्लेषण एकाचं, मांडणी दुसऱ्याची. सहकाऱ्याकडून काहीही काढून घेतलं जात नाही.

दुसऱ्या परिच्छेदात ‘तुम्ही घेतलंत’ कुठेच नाही. ‘माझं नाव आलं नाही’, ‘समज झालेला दिसतो’. काहींना ही भाषा मिळमिळीत वाटेल. ती तशी नाही. ‘मी पाठवला होता, तो मेल खाली आहे’ हे वाक्य त्याच परिच्छेदात आहे, आणि मेलमधलं सर्वांत कठोर वाक्य तेच आहे. घटना स्पष्ट सांगायची आणि हेतूविषयी गप्प राहायचं, असा तो तोल आहे. ‘मला असं वाटतं की कदाचित’ अशी शेपूट जोडून घटनाच पुसट केली, तर मात्र मेल खरोखरच मिळमिळीत होतो. तक्ता कुणी केला यात ‘कदाचित’ नाही.

‘राहून गेलं असण्याची शक्यता आहे’ या वाक्यावर थोडं थांबायला हवं. समोरच्याला परतीची वाट ठेवण्यासाठी ते आहे, हे उघडच आहे. पण ते खरंही असू शकतं. १९८९मध्ये ॲलन ब्राउन आणि डाना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना एकत्र बसवून आळीपाळीने एखाद्या गटातली नावं सांगायला लावली: खेळ, वाद्यं, चारपायी प्राणी. नंतर प्रत्येकाला, तू स्वतः सांगितलेली नावं आठवून लिही, असं सांगितलं. काही जणांनी दुसऱ्यांनी सांगितलेली नावं आपली म्हणून लिहिली. गोष्ट आठवते, ती कुठून आली ते मात्र पुसलं जातं. जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्याबद्दलच्या खटल्यात १९७६मध्ये अमेरिकी न्यायालयाने असाच निष्कर्ष काढला होता: चाल जुन्या गाण्याची आहे, पण हॅरिसनने ती जाणूनबुजून उचललेली नाही, नकळत उतरली आहे. तरीही तो जबाबदार धरला गेला, हेही लक्षात ठेवायला हवं.

स्मरणाची दुसरीही एक खोड आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, की घरातल्या अमुक कामाची जबाबदारी तुमची किती आणि जोडीदाराची किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज पुष्कळदा पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं पाहिलेलंच नसतं. आपल्या कर्ज विभागातल्या सहकाऱ्यांनीही कदाचित तक्त्यावर विचार केला असेल, दोन शाखाधिकाऱ्यांशी बोलून खात्री केली असेल, दूध संस्थेत फोन केला असेल. त्यांच्या आठवणीत ती मेहनत मोठी आहे.

या स्पष्टीकरणाला मर्यादा आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. विसर कल्पनेचा पडतो. सात शाखांचा, रकान्यांसकट आलेला तक्ता आपण केला असं माणसाला चुकून वाटत नाही. फाइलवरचं नाव खोडून दुसरं घातलं असेल तर तो विसर नव्हे. अशा वेळी ‘राहून गेलं असेल’ हे वाक्य लिहू नये. त्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नसेल, आणि पुढे प्रकरण वर गेलं तर ‘तिनेच तर अनवधान म्हटलं होतं’ असं तेच वाक्य तिच्यावर उलटेल. ते नुसतं गाळावं. त्याच्या जागी आरोप घालण्याची गरज नसते; घटना, खालचा मेल आणि मागणी एवढं पुरतं.

तिसरा परिच्छेद हा मेलचा गाभा आहे. त्यात तारीख आहे, कागद कोणता ते आहे, कागदावर काय लिहायचं ते आहे, आणि दुरुस्ती कुणी कळवायची तेही आहे. ती स्वतः कळवू शकली असती. पण सहकाऱ्याने स्वतः कळवली तर वाचणाऱ्यांना तो त्याचा मोठेपणा दिसतो, आणि होकार देणं त्याला सोपं जातं. मागणी ‘कळवाल का?’ अशी प्रश्नार्थक आहे, पण गुरुवार हा शब्द तिला टोक देतो. शेवटी पुढच्या महिन्याचं सादरीकरण मागितलं आहे. इतिवृत्तातली ओळ किती जण वाचतील? पुढच्या बैठकीत पडद्यासमोर कोण उभं राहतं, ते सगळे पाहतील.

आणि हा मेल फक्त एकाच माणसाला जातो. प्रत कुणाला नाही, गुप्त प्रत तर नाहीच. गुप्त प्रत मिळालेल्या वरिष्ठाने नकळत ‘रिप्लाय ऑल’ केलं, की आपण काय केलं ते सर्वांना कळतं, आणि मग विषय तक्त्याचा उरत नाही, तिच्या वागण्याचा होतो.

हे समोरासमोर का बोलू नये, असं कुणी विचारेल. बोलावंच, मेलच्या शेवटी तसं आमंत्रणही आहे. लेखी शब्दाचा सूर वाचणाऱ्याला नीट कळत नाही, आणि लिहिणाऱ्याला मात्र तो कळेल असा भलताच भरवसा असतो. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये हे तपासलं. काही वाक्यं गांभीर्याने आणि काही उपरोधाने, मेलवरून किंवा आवाजातून, पोचवायची होती. पाठवणाऱ्यांना वाटलं की मेलमधला सूर दहातल्या जवळजवळ आठ वेळा ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो निम्म्याहून थोड्या जास्त वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यासारखंच. म्हणून अशा मेलमध्ये उपरोधाला जागा नसते. ‘तुमच्या सुंदर विश्लेषणाबद्दल अभिनंदन’ असलं वाक्य सहकारी अक्षरशः खरं धरू शकतो. मग तोंडी बोलणं आधी झालं आणि त्यात दुरुस्तीचं ठरलं, तरी त्याच दिवशी दोन ओळींचा मेल हवाच: ‘आज बोलल्याप्रमाणे गुरुवारपूर्वी तुम्ही दुरुस्ती कळवणार आहात, धन्यवाद.’

मेल लिहिताना ‘टू’चा रकाना रिकामा ठेवण्याची सवय फार उपयोगाची आहे. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घेण्याची सोय जास्तीत जास्त तीस सेकंदांची असते. त्यानंतर काही करता येत नाही. पत्ता सर्वांत शेवटी घातला तर अर्धवट मसुदा चुकून जात नाही.

आता उत्तर काय येईल? सरळ होकार आला तर प्रकरण संपलं. पण सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर वेगळं असतं: ‘अगं, हे शेवटी टीमचंच काम आहे, तुझं-माझं कशाला?’ ऐकायला उदार वाटतं. मात्र ‘टीमचं’ म्हटलेल्या कामाचं श्रेय सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. अर्थशास्त्रज्ञ हेदर सार्सन्स यांनी अमेरिकी विद्यापीठांतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची कायम नेमणूक तपासली. पुरुषांना सहलेखनातल्या निबंधाचं श्रेय जवळपास एकट्याने लिहिलेल्या निबंधाइतकंच मिळत होतं. स्त्रियांना, विशेषतः पुरुषांबरोबर लिहिलेल्या निबंधांचं, बरंच कमी मिळत होतं. कुणी काय केलं ते कागदावर नसेल, तर पाहणारे ते आपल्या अंदाजाने भरतात. बँकेतल्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या तरुणीबद्दलचा आणि बोलणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्याबद्दलचा अंदाज काय असेल, हे सांगायला नको.

म्हणून या उत्तराला भांडण न करता दोन ओळींत उत्तर द्यायचं: ‘टीमचं काम आहे हे खरंच, आणि म्हणूनच दोघांचीही नावं असावीत असं मला वाटतं. तुमची हरकत नसेल तर वर लिहिलेली ओळ मीच सचिवांना कळवते.’ इथे नकार द्यायचा तर सहकाऱ्याला ‘तुझं नाव नको’ असं लेखी द्यावं लागतं, आणि ते सहसा कुणी देत नाही.

काहीच उत्तर आलं नाही तर? बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबून इतिवृत्त लिहिणाऱ्याला सरळ मेल करायचा. त्यात तक्रार नको. बैठकीला हजर असलेल्या कुणालाही मसुद्यावर दुरुस्ती सुचवता येते, आणि तो त्या कामाचा नेहमीचाच भाग असतो. ‘मुद्दा क्रमांक चारमधला तक्ता मी तयार केला असून सादरीकरण कर्ज विभागाने केलं. त्याप्रमाणे नोंद व्हावी. मूळ मेल जोडत आहे.’ इथे प्रत त्या सहकाऱ्याला उघडपणे द्यावी. त्याच्या पाठीमागे काही चाललेलं नाही, हे त्यालाही दिसायला हवं.

काम वापरणारा सहकारी नसून साहेबच असेल, तर हा सगळा हिशेब बदलतो, कारण वार्षिक मूल्यमापन त्याच्याच हाती असतं. अशा ठिकाणी इतिवृत्तासाठी अडून बसण्यापेक्षा मूल्यमापनाच्या कागदात नोंद मागणं शहाणपणाचं: ‘तारीखबदलाचं विश्लेषण मी केलं, त्याची नोंद या वर्षीच्या माझ्या कामात व्हावी.’ साहेबाला ते देणं सोपं असतं, कारण त्यात त्याचं काही जाहीरपणे जात नाही.

साहेब आणि कनिष्ठ यांच्यातल्या अशा तंट्याची एक मोठी कहाणी विज्ञानात आहे. क्षयावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात १९४३मध्ये सापडलं. ते वेगळं काढणारा होता अल्बर्ट शाट्झ, प्राध्यापक सेल्मन वाक्समन यांचा संशोधक विद्यार्थी. पुढे जगभर नाव वाक्समन यांचं झालं. औषधाच्या स्वामित्वधनाचा वाटा वाक्समन यांना मिळतो आहे हे शाट्झला उशिरा कळलं. दोघांत पत्रव्यवहार झाला, तो चिघळला, आणि १९५०मध्ये शाट्झने दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली. शाट्झला स्वामित्वधनाचा हिस्सा मिळाला आणि सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली. त्याची बाजू उभी राहिली ती जुन्या कागदांच्या जोरावर: १९४४च्या शोधनिबंधात पहिलं नाव त्याचं होतं, पेटंटवर दोघांचीही नावं होती. पण १९५२चा नोबेल एकट्या वाक्समन यांना गेला. रटगर्सने आपलं पदक शाट्झला दिलं ते १९९४मध्ये. नाव वेळेवर कागदावर असेल तर काय होतं आणि लोकांचा समज घट्ट झाल्यावर काय होत नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात शेजारी शेजारी दिसतात.

कायद्याची भाषा मात्र त्या पहिल्या मेलमध्ये आणू नये. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक संस्थाच असते. कलम ५७ लेखकाला आपलं लेखकत्व सांगण्याचा हक्क मालकीपासून स्वतंत्रपणे देतं, हे खरं. तरी हप्त्याची तारीख बारावर न्यावी ही कल्पना किंवा नुसते आकडे यांना कॉपीराइट नसतो. तो मांडणीला, मजकुराला असतो. बँकेतल्या एका तक्त्यासाठी या वाटेने फारसं काही हाती लागत नाही, आणि ‘कायदेशीर कारवाई’ हे दोन शब्द आले की सहकारी उत्तर देणं थांबवतो.

समजा गुरुवार निघून गेला, मेलला उत्तर आलं नाही आणि इतिवृत्त जसंच्या तसं कायम झालं. तरीही एक जागा उरते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय बहुधा हाच असतो: मागील बैठकीचं इतिवृत्त वाचून मंजूर करणं. तो विषय एरवी अर्ध्या मिनिटात उरकतो. तिथे तिने हात वर करून म्हणायचं, ‘मुद्दा चारमध्ये एक भर हवी आहे. विश्लेषण वसुली विभागातून मी केलं होतं, सादरीकरण सरांनी केलं. मूळ मेल सचिवांकडे दिला आहे.’ आणि महाव्यवस्थापकांना विचारायचं, की बदललेल्या तारखेनंतरचे पहिल्या महिन्याचे आकडे तिने आता मांडले तर चालेल का.